विश्रामबागेतल्या सगळ्या पीजीवाल्या काका-काकूंना खुलं पत्र : जाहिरातीत खरं तेवढंच लिहूया

नमस्कार,

सांगलीत विश्रामबाग, शंभर फुटी रोड आणि आजूबाजूच्या कॉलन्यांमध्ये ज्यांनी ज्यांनी शिकणाऱ्या मुलामुलींना घरात ठेवलंय त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी पण तुमच्यातलीच, वरच्या मजल्यावर नऊ मुली ठेवते, तीन खोल्या आणि प्रत्येकीत तीन कॉट, आणि खाली आम्ही दोघं राहतो. आता कॅप राउंड सुरू होतील, ऑगस्टमध्ये फर्स्ट इयरची पोरं येतील आणि आपण सगळे परत त्याच जाहिराती ग्रुपवर टाकू, खांबावर चिकटवू आणि झेरॉक्सच्या दुकानात लावू. त्या आधी एवढं वाचा एवढीच विनंती आहे.

आपली जाहिरात कशी असते बघा. "मुलींसाठी कॉट बेसिसवर उत्तम सोय. कॉलेजपासून ५ मिनिटं. घरगुती पोटभर जेवण. सर्व सुविधा. भाडे ३,००० पासून." ही माझीच जाहिरात आहे, तीन वर्षांपूर्वीची, शब्द न् शब्द. तेव्हा मला यात काही चुकीचं वाटलं नव्हतं कारण सगळेच असं लिहितात.

त्या वर्षी जत तालुक्यातल्या एका गावातून एक मुलगी आणि तिचे वडील आले. सकाळी अ‍ॅडमिशन झालं, दुपारी रूम बघायला निघाले आणि संध्याकाळची एसटी त्यांना गाठायची होती. हे आपण विसरतो, बाहेरगावचे लोक घर निवडायला चार दिवस घेऊन येत नाहीत, त्यांच्याकडे एक दुपार असते आणि आपल्या जाहिरातीवरूनच त्यांचं सगळं ठरलेलं असतं. वडिलांनी शर्टाच्या खिशातून दहा हजार काढले आणि टेबलावर मोजायला लागले. त्यांचा हिशोब साधा होता, तीन हजार भाडं, तीन हजार डिपॉझिट, तीन हजार मेस, वर एक हजार गादी-बादलीला. मी सांगितलं की तीन हजारवाली चार कॉटची खोली आता भरलीय (तेव्हा माझ्याकडे अशी एक खोली होती), तीन कॉटची आहे तिला साडेतीन, डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे सात हजार, मेस तीन, असे साडेतेरा होतात, आणि लाईट बिल महिनाअखेरीला वाटून. ते काही बोलले नाहीत. मोजलेल्या नोटा तशाच हातात धरून बाहेर गेटपाशी गेले आणि गावाकडं कुणाला तरी फोन लावला. मुलगी माझ्यासमोर खुर्चीत बसून होती, मान खाली घालून. पंधरा मिनिटांनी कुणीतरी साडेतीन हजार पाठवले. ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही, कारण मी खोटं काहीच बोलले नव्हते, "पासून" हा शब्द लिहिला होता ना, पण त्या माणसाला माझ्या दारात उसने मागायला मीच लावलं होतं.

ती मुलगी ऑक्टोबरच्या मध्यावर सोडून गेली. भांडण नाही, काही नाही, "काकू जमत नाही" एवढंच म्हणाली. मी तिला बसवून विचारलं तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे चालत जायला वीस मिनिटांच्या वर लागतात, ती पाच धरून आली होती, आठचं लेक्चर असलं की नाष्टा टाकून पळायची. दुसरं, संध्याकाळी लायब्ररीत बसायचं तर माझं गेट आठला बंद, ते तिला आल्यावर कळलं. तिसरं सांगायला तिला फार जड गेलं, रात्री चौथी चपाती मागायची लाज वाटायची कारण आमच्या मावशी मोजून तीन वाढायच्या, आणि ही पोरगी घरी भाकरी खाऊन वाढलेली. पोटभर लिहिलं होतं मी!

नोव्हेंबर ते जुलै ती कॉट रिकामी राहिली, मधेच कोण येतंय. नुसतं जागेचं भाडं धरलं तरी साडेतीन हजार गुणिले नऊ, साडेएकतीस हजार गेले. म्हणून म्हणते, खरं लिहिण्यात आपलंही नुकसान नाहीय, मोघम लिहिण्यातच आहे. त्यानंतर मी जाहिरात पूर्ण नव्याने लिहिली. कशी लिहिली ते सविस्तर सांगते, कारण नुसतं "खरं लिहा" म्हणून कुणाला लिहिता येत नाही, मलाही येत नव्हतं.

आधी अंतर. मी जे "५ मिनिटं" लिहिलं होतं ते आमच्या ह्यांच्या गाडीवरचं होतं, तेही दुपारी रस्ता मोकळा असताना. गुगल मॅपमध्ये आपण बहुतेक वेळा गाडीचंच चिन्ह लावून बघतो आणि तोच आकडा उचलतो. मग एके दिवशी सकाळी साडेसातला, पोरी निघतात त्याच वेळी, पाठीला त्यांच्यातल्याच एकीची सॅक लावून मी स्वतः चालत गेले. आमच्या गेटपासून वालचंद कॉलेजच्या मेन गेटपर्यंत १.६ किलोमीटर, २१ मिनिटं लागली. आणि गेटमधून आत डिपार्टमेंटपर्यंत अजून चार-पाच मिनिटं, कॅम्पस मोठा आहे. साधा हिशोब असा की सॅक घेऊन चालणारं माणूस किलोमीटरला बारा-तेरा मिनिटं घेतं, तुमचा आकडा त्यापेक्षा फार कमी येत असेल तर तुम्ही गाडीवरचा लिहिताय असं समजा. आणि नकाशावर सरळ रेघ ओढू नका, मधे रेल्वे लाईन आली की अर्ध्या किलोमीटरचा एक होतो. कुठल्या कॉलेजपासून तेही लिहा, "कॉलेजपासून जवळ" म्हणजे कुठलं, विलिंग्डन, वालचंद का मिरजेचं मेडिकल? मिरजेच्या पोरांना तर अंतरापेक्षा बस-वडाप कुठून मिळतं, स्टॉपपर्यंत चालायला किती लागतं आणि रात्री शेवटचं कधी मिळतं हे जास्त लागतं. आणि गल्लीत दिवे आहेत का हे मुलींच्या आया हमखास विचारतात. आमच्या गल्लीतला शेवटचा शंभर मीटरचा भाग अंधाराचा आहे, मी तसं लिहिते, आणि आठनंतर कोणी फोन केला तर आमच्यातलं कोणीतरी कोपऱ्यापर्यंत जातं हेही लिहिते.

पुराचं पण लिहा. २०१९ ला सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर सांगली बघितली, त्यामुळे सोलापूर-लातूरकडचे पालक पहिलाच प्रश्न तो विचारतात. कृष्णेच्या बाजूच्या भागाची गोष्ट वेगळी आणि आपल्या वरच्या भागाची वेगळी, हे त्यांना माहीत नसतं. आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं पण तेव्हा दूध-भाजी मिळेना आणि नळाचं पाणीही बंद होतं, हे दोन्ही मी सांगते. नुसतं "पूर येत नाही" असं सांगणं अर्धं खरं झालं.

आता जेवण, यात सगळ्यात जास्त फसगत होते. मी काय केलं, एक वही घेतली आणि आठवडाभर रोज रात्री प्रत्यक्ष काय वाढलं ते लिहून काढलं. ठरवलेला मेनू नाही, झालेला. तेव्हा मला माझंच कळलं की सात दिवसांत चार दिवस बटाटा होता, एकदा नुसता, एकदा फ्लॉवरमध्ये, एकदा रश्श्यात आणि एकदा पोह्यात! फळ म्हणून जे मी मनात धरत होते ते फक्त एकदा केळं. वाईट वाटलं पण बरं झालं, बटाटा दोनवर आणला आणि आठवड्यातून तीन वेळा भाकरी सुरू केली. मग तो सुधारलेला आठवडा पण पंधरा दिवस पाळून बघितला, पाळता येतोय म्हटल्यावरच जाहिरातीत टाकला. मावशींना मोजायचं बंद करायला सांगितलं. खर्च वाढेल अशी भीती होती, पण नऊ मुलींमागे रोज थोडं पीठ जास्त लागलं, त्यापलीकडे काही नाही, कारण चौथी-पाचवी खाणाऱ्या दोघी-तिघीच असतात. तुम्हाला मोजूनच द्यायच्या असतील तरी हरकत नाही, पण मग "रात्री ३ चपात्या, जास्तीच्या प्रत्येकी इतके रुपये" असं स्पष्ट लिहा. ज्याला चालेल तो येईल.

आणि खाडा लिहा. मेसचा खाडा धरणार का नाही, किती दिवसांपासून धरणार, आधी कधी सांगायचं आणि दिवसाचे किती कापणार. दिवाळीला पोरी पंधरा दिवस जातात, तेव्हा ह्यावरूनच सगळीकडे तोंडं वाकडी होतात. माझा हिशोब असा आहे, मेसचे तीन हजार म्हणजे दिवसाला शंभर, त्यातले तीस मावशींचा पगार आणि गॅस, ते मुलगी असो नसो जातातच, म्हणून सलग तीन दिवस किंवा जास्त नसेल तर दिवसाला सत्तर परत. पंधरा दिवसांचे एक हजार पन्नास होतात. हा हिशोब असाच्या असा सांगितल्यावर आजपर्यंत एकीनेही वाद घातला नाही.

एक गोष्ट थोडी कडक वाटेल पण बोलते. "फक्त शाकाहारी" असं जे आपण लिहितो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. माझ्या स्वयंपाकघरात मटण-मासे होत नाहीत, खोलीत आणून खाऊ नका, हा घराचा नियम झाला आणि तो लिहायचा मला हक्क आहे. पण मुलगी बाहेर काय खाते आणि तिच्या घरी काय शिजतं हा माझा विषय नाही. काहीजण हा शब्द आडनाव गाळायला वापरतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, आणि ते बरोबर नाही. जेवणाचा नियम जेवणापुरताच लिहा, फोनवर आडनाव ऐकून "कॉट भरली हो" म्हणू नका. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत बसवून बोर्डिंग चालवलं तो सातारा आपल्या शेजारीच आहे, आणि त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

भाड्याचं मी आता फार सोपं करून टाकलंय. दोनच आकडे लिहायचे. दर महिन्याला खिशातून एकूण किती जाणार, आणि पहिल्या दिवशी येताना किती आणायचे. "पासून" हा शब्द पूर्ण बंद. लाईट बिल वाटून घेत होते तेव्हा दर महिन्याला कोणाचा पंखा जास्त चालला यावर चर्चा, म्हणून ते भाड्यातच धरलं. चार कॉटच्या खोलीतली चौथी कॉट काढून टाकली, कपाट उघडलं की कोणालातरी उठावं लागायचं. डिपॉझिट दोन महिन्यांवरून पाच हजारांवर आणलं. आणि डिपॉझिटबद्दल तीन गोष्टी लिहायच्याच, कधी परत, कशाचे कापणार आणि कशाचे कापणार नाही. भिंतीला रंग द्यायचे पैसे पोरांच्या डिपॉझिटमधून कापणं हा प्रकार बंद करा हो, रंग पाच वर्षांनी लागतोच, तो आपला खर्च आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काय हेही आधीच लिहा. सामान ठेवून गेली तर कॉट अडते, म्हणून मी त्या महिन्याला दीड हजार घेते, आणि ते जाहिरातीतच आहे, मे महिन्यात अचानक सांगत नाही.

नियमांबद्दल मला एकच कळलं, कारण लिहिलं की नियम पाळला जातो. "इलेक्ट्रिक वस्तू वापरू नये" असं भिंतीवर होतं तोपर्यंत कपाटात तीन केटल सापडल्या होत्या, आणि एका खोलीतला प्लग काळा पडून वितळायला आला होता, वास आला म्हणून कळलं. आता लिहिते की खोलीतले पॉइंट सहा अँपिअरचे आहेत, दीड हजार वॅटची केटल साडेसहा अँपिअर ओढते, ते पॉइंटला झेपत नाही, खाली सोळा अँपिअरचा पॉइंट दिलाय तिथं केटल आणि इस्त्री दोन्ही आहे, रात्री बारापर्यंत वापरा. त्यानंतर एकही केटल वर गेली नाही. गेटची वेळ आठची नऊ केली. ज्या घरांना आठच ठेवायची असेल त्यांनी ठेवावी, पण लिहावी, आणि उशीर झाला तर नेमकं काय होतं तेही लिहावं. दार उघडतं का, घरी फोन जातो का, दंड आहे का? पालकांना कडक नियम आवडतो असं समजून आपण नियम चढवून लिहितो आणि प्रत्यक्षात सोडून देतो, किंवा उलट, जाहिरातीत काहीच नाही आणि आल्यावर बारा नियमांचा कागद. दोन्हीत मुलगी फसते.

अजून एक, "पीजी" हा शब्द कुठं लावायचा ते बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये पेइंग गेस्टचा अर्थ दिलाय, मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा भाग ज्याला राहायला दिलाय तो. तुम्ही पुण्यात राहता आणि इथल्या फ्लॅटमध्ये सहा पोरं आणि एक स्वयंपाकाची बाई ठेवलीय तर त्याला पीजी लिहू नका, पालक "घरात काका-काकू आहेत" असं धरून मुलगी सोडून जातात. तिथं लेखी आणि रजिस्टर केलेला करार लागतो आणि तो करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. मालक तिथंच राहतात का, ही एक ओळ प्रत्येक जाहिरातीत पाहिजेच.

माझी सध्याची जाहिरात जशीच्या तशी खाली देते, हवी तर उचला आणि तुमचे आकडे घाला:

"विश्रामबाग, मुलींसाठी पीजी, मालक खालच्या मजल्यावर राहतात. एका खोलीत तीन कॉट, नऊ मुलींना तीन बाथरूम, सकाळी ७ ते ८ थांबावं लागतं. वालचंद कॉलेजच्या मेन गेटपर्यंत १.६ किलोमीटर, चालत २१ मिनिटं, सायकल ठेवायला जागा आहे. गल्लीतला शेवटचा शंभर मीटरचा भाग अंधाराचा आहे, रात्री ८ नंतर फोन केल्यास कोपऱ्यापर्यंत न्यायला येतो. महिन्याला एकूण ६,८०० रुपये, यात जागा, नाष्टा, दोन वेळचं जेवण, लाईट, पाणी, वायफाय सगळं आलं. वायफाय वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत कमी येतं. पहिल्या दिवशी ११,८०० आणावेत, त्यातले ५,००० डिपॉझिट. सोडताना ३० दिवस आधी सांगावं, गेल्यापासून ७ दिवसांत डिपॉझिट परत, फक्त हरवलेली चावी आणि मोडतोड कापली जाते, रंगाचे पैसे नाहीत. जेवण शाकाहारी, अंडी आठवड्यातून एकदा. चपाती, भाकरी, भात मोजून नाही. रविवारी रात्री स्वयंपाक नसतो. खाडा सलग ३ दिवसांपासून, आदल्या रात्री सांगितल्यास दिवसाला ७० परत. सोलरचं गरम पाणी, पावसाळ्यात ढग असले की गीझर सकाळी ६ ते ८. गेट रात्री ९ ला बंद, लायब्ररी किंवा प्रॅक्टिकल असेल तर फोन करून साडेदहापर्यंत, पहाटेची गाडी असेल तर उठून दार उघडतो. आई एक रात्र राहू शकते, जेवणासह १५० रुपये, वडील-भाऊ खाली हॉलमध्ये भेटतील. सुट्टीत सामान ठेवल्यास महिन्याला १,५००. मार्च ते मे मध्ये नळाचं पाणी कमी येतं तेव्हा मशीनमध्ये कपडे आठवड्यातून दोनदाच. ही माहिती या जुलैत तपासून लिहिली आहे."

ही टाकल्यापासून फोन कमी येतात, ते खरं आहे. पहिल्या वर्षी तर मला भीती वाटली, आठवडाभर चारच फोन. पण त्या चौघींपैकी तिघी आल्या, आणि फोनवर फक्त "खोली बघायला कधी येऊ" एवढंच विचारलं. रविवार रात्रीच्या ओळीमुळे एक आई नको म्हणाली, तिच्या मुलीला रोज वेळेवर जेवण लागतं, औषधं चालू आहेत. मुलगी इथं राहायला आल्यावर हे कळलं असतं तर काय झालं असतं? त्या आईला मी पलीकडच्या गल्लीतलं घर सांगितलं, तिथं सातही दिवस जेवण असतं.

जाहिरातीने सगळं सुटत नाही हेही सांगते. खोलीतल्या दोघींचं एकमेकींशी पटत नसेल तर काही लिहून उपयोग नाही. आणि जाहिरात शिळी होते. मागच्या वर्षी मावशी गावाकडं गेल्या आणि महिनाभर बाहेरून डबा होता, तेव्हा मी जाहिरात खाली उतरवायला हवी होती, चार दिवस उशीर केला आणि त्या चार दिवसांत आलेल्या एकीला घरचं जेवण म्हणून डबा खायला लागला. तिला त्या महिन्याच्या मेसचे हजार रुपये परत दिले. म्हणून आता महिना लिहिते आणि दर जुलैला परत चालत जाऊन, वही काढून बघते.

तर या ऑगस्टच्या आधी तुमची जुनी जाहिरात काढा. ज्यांना लिहायला जमत नसेल त्यांनी रविवारी चारनंतर माझ्याकडे या, वही-पेन मी देते. अंतर मोजायला सकाळी साडेसातला निघायचं असेल तर मी तुमच्याबरोबर चालत येईन.

तुमचीच,
विश्रामबागेतली एक पीजीवाली काकू